दोघांची एक पट्टी

बदलापुरात आमच्या आळीच्या टोकाला एक गृहस्थ राहत. सगळे त्यांना बुवा म्हणत. मिशा नाहीत, केस मागे वळवलेले, बसताना पदर सावरावा तसा उजवा हात खांद्याकडे जायचा. तरुणपणी ते एका मोठ्या नाटक कंपनीत नायिकेचं काम करत. बायका रंगभूमीवर आल्या, बोलपट आले, कंपनी मोडली आणि बुवा गावी परत आले. पायपेटी तेवढी सोबत आणली.

मी त्यांच्याकडे गाणं शिकायला जाई. वडील अंबरनाथच्या कारखान्यात हिशेबाच्या खात्यात होते. मुलीनं भजनं म्हणावीत, हळदीकुंकवात एखादं पद म्हणावं, इतकी त्यांची तयारी होती. त्यापुढे नाही.

एकोणीसशे पन्नास साल उलटून गेलं होतं. कारखान्यातल्या हौशी मंडळींनी एक जुनं संगीत नाटक करायचं ठरवलं आणि बसवायला बुवांना बोलावलं. नायक ठरला ड्रॉइंग ऑफिसातला एक तरुण. उंच, काहीसा बुजरा, गळा मोकळा. नायिका कोण, यावर मात्र अडलं. मंडळातलाच एक जण लुगडं नेसायला तयार होता. बुवांनी त्याला हात धरून खाली बसवलं. लोकांनी आता पडद्यावर खऱ्या बायका पाहिल्यात, ते तुला हसतील, असं त्यांनी सांगितलं. मग ते थेट आमच्या घरी आले.

नाटकात एक प्रेमाचं द्वंद्वगीत आहे, हे वडिलांना ठाऊक होतं. तरुणपणी त्यांनीच ते पिटात बसून ऐकलं होतं, तेव्हा नायिका पुरुष होती. आता तेच गाणं आपली मुलगी परक्या पुरुषाबरोबर म्हणणार.

"ते एक गाणं गाळता येणार नाही का?" त्यांनी विचारलं.

"बाकीची सगळी गाळा," बुवा म्हणाले. "लोक त्या एकासाठी येतील."

आई आतून म्हणाली, "तुम्ही स्वतः अंघोळीला गेलात की तेच गुणगुणता." मग वडिलांनी तालमी कुठं आणि किती वाजता, एवढं विचारून घेतलं.

तालमी अंबरनाथला, कारखान्याच्या क्लबातल्या खोलीत संध्याकाळी होत. वडील स्वतः मला घेऊन जात आणि दाराशी खुर्ची टाकून बसत. संवाद बसले, माझी एकटीची पदं बसली. द्वंद्वगीत काही केल्या बसेना.

अडचण पट्टीची होती. बुवांच्या काळात नायक पुरुष, नायिकाही पुरुष. दोघांचा षड्ज एकच. त्यानं ओळ म्हणायची, त्याच सुरांत हिनं उत्तर द्यायचं, शेवटी दोघांनी मिळून मुखडा घ्यायचा. आमचं तसं नव्हतं. नायक काळी एकमध्ये गायचा, मी काळी चारमध्ये. त्याच्या पट्टीत मी खालून गेले तर आवाज घशातच राहायचा, वरून गेले तर अंतऱ्यात किंचाळी व्हायची. माझ्या पट्टीत त्याच्या मानेच्या शिरा ताणल्या जायच्या. त्याची ओळ एका पट्टीत आणि माझी दुसरीत, असंही करून पाहिलं. दर ओळीला पेटीवाल्यानं सूर बदलायचा आणि तबला बेसूर लागायचा. ऐकताना वाटायचं, दोन घरांतली दोन माणसं भिंतीपलीकडून भांडताहेत.

मंडळाच्या चिटणीसांनी सुचवलं की हे गाणं काढावं आणि त्याजागी त्या दिवसांत गाजत असलेलं एखादं सिनेमाचं गाणं घालावं. शिवाय प्रयोग उल्हासनगरला, फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांच्या कॅम्पातल्या मैदानावर व्हायचा होता. तिथं निम्म्याहून जास्त प्रेक्षक सिंधी. त्यांना जुन्या मराठी नाटकातलं पद काय कळणार, असा चिटणीसांचा सवाल होता. नायकानं मान डोलावली. मलाही ते पटत चाललं होतं.

बुवांनी दोन दिवस मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा ते पायपेटीशी बसून एकटेच दोघांचं गात होते. मला बसायला सांगून ते म्हणाले की सगळी अडचण त्यांच्या आठवणीमुळे आहे. त्यांना स्वतःचंच गाणं ऐकू येत होतं, त्यांच्याच सुरांत. मग दोघांची मिळून नवी पट्टी म्हणून त्यांनी काळी दोनवर बोट ठेवलं.

"हा त्याचा तार षड्ज. त्याला चढून यावं लागेल, पण येईल. आता हाच सूर तू तुझा मधला षड्ज म्हणून धर. काय फरक आहे?"

मी सूर लावला. काहीच फरक नव्हता. त्याच्या माथ्यावरचा आणि माझ्या छातीतला सूर एकच होता.

मग चाल त्यांनी आम्हा दोघांत नव्यानं वाटून दिली. मूळ चालीत दोघंही एकच मुखडा म्हणत. आता नायकाची ओळ, 'सांग सखे, कुठवर येशी', पंचमावरून चढत तार षड्जाला पोचायची आणि तिथंच थांबायची, प्रश्न हवेत धरल्यासारखी. माझं उत्तर, 'नेशी जिथवर, तिथवर नाथा', नेमकं त्याच सुरावर सुरू होऊन खाली मंद्र पंचमापर्यंत उतरायचं आणि परत यायचं. अंतऱ्यात त्यानं आपल्या गळ्याच्या वरच्या भागात राहायचं, मी माझ्या मधल्या. खमाजाचा रंग, ठेका दादऱ्याचा, तसाच ठेवला. शेवटची ओळ दोघांची, त्या एका सुरावर टेकणारी.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली. अंतऱ्यानंतर माझी एक लांब तान होती, बुवांची स्वतःची, ज्यावर त्यांना पूर्वी टाळ्या पडत. ती त्यांनी काढून टाकली. मला वाईट वाटलं. ती तान मी महिनाभर घोटली होती.

त्यांनी समजावून सांगितलं ते मला जन्मभर पुरलं. एकट्यानं पद म्हणायचं तेव्हा नट मनसोक्त ताना घेतो, वन्समोअर आला की पुन्हा वेगळ्या घेतो. जाणकार खूष होतात. पण बाकीचे लोक तान घरी कशी नेणार? दोघांच्या गाण्यात एक जण तान घेत बसला तर दुसऱ्यानं हात कुठं ठेवायचे? म्हणून द्वंद्वगीताची चाल आधीपासून बांधलेली असते. ओळ लहान, प्रश्न, उत्तर, पुन्हा मुखडा. तीन-चारदा मुखडा कानावर पडला की पिटातल्या माणसाला तो येतो. कंपनीच्या दिवसांत ते नाटक संपल्यावर बाहेर येत तेव्हा त्यांची मोठी पदं कुणी म्हणत नसे, पण टांगेवाला द्वंद्वगीत गुणगुणत असायचा. ध्वनिमुद्रिका निघाल्या तेव्हाही तीन मिनिटांत तेच पुरतं मावलं. "सिनेमावाल्यांनी हे आमच्याकडूनच उचललं," ते म्हणाले, "आणि चिटणीस आता त्यांचं आणून आम्हाला देतात."

त्या संध्याकाळी तालमीत नायक पहिल्यांदा तार षड्जाला पोचला आणि मी तिथून सूर उचलला. चिटणीसांनी गाण्याबद्दल पुन्हा विषय काढला नाही. दाराशी बसलेल्या वडिलांकडे मी पाहिलं नाही, पण त्यांचा पाय दादऱ्यावर हलत होता, हे मला नायकानं नंतर सांगितलं.

प्रयोग रविवारी दुपारी ठेवला, म्हणजे रात्रपाळीच्या लोकांनाही येता यावं. लष्करी बराकींच्या मधल्या मैदानावर मांडव घातला. अंबरनाथहून कामगार आले, तिथल्याच बुवापाडा वस्तीतून कुटुंबंच्या कुटुंबं आली. खरवई, सोनिवलीची शेतकरी मंडळी बैलगाड्या जुंपून आली. पुढच्या सतरंज्यांवर कॅम्पातल्या सिंधी बायका, मुलं मांडीवर घेऊन. पहिला अंक त्यांनी सौजन्यानं पाहिला. विनोदी प्रवेशात आमची माणसं हसली की त्या एकमेकींकडे पाहत. विंगेतून ते बघताना मला चिटणीसांचा सवाल आठवला.

दुसऱ्या अंकात बागेचा प्रवेश. नायकानं ओळ सुरू केली. पंचमावरून चढला, तार षड्जावर थांबला. त्याचा आवाज तिथं किंचित थरथरला, आणि प्रश्नाला तो थरकाप शोभला. मी तोच सूर धरला. मला आठवतं, क्षणभर आवाज त्याचा की माझा हे मलाच कळलं नाही. मग मी उतरत गेले, आणि समोरच्या सतरंजीवरची एक म्हातारी सिंधी बाई पुढे सरकून बसली. भाषा तिला येत नव्हती. पण एक जण विचारतोय आणि दुसरी हो म्हणतेय, एवढं त्या चालीतूनच कळत होतं.

शेवटची ओळ आम्ही टेकवली. टाळ्या आधी मागून आल्या, मग सगळीकडून. वन्समोअरची हाक उठली. जुन्या रिवाजाप्रमाणे आम्ही पुन्हा पहिल्या जागी गेलो. दुसऱ्यांदा संपलं तेव्हा ती म्हातारी उभी राहिली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "बेटी, एक बार और." मांडव हसला आणि तिच्या बाजूनं झाला. तिसऱ्या वेळी मुखड्यावर प्रेक्षकांतून एक गुणगुण उठली. सोनिवलीचे, बुवापाड्याचे, कॅम्पातले, कुणाचे शब्द बरोबर, कुणाचे कसलेही, पण चाल सगळ्यांची एकच. मला गाताना हसू आवरेना, आणि नायिकेनं त्या ओळीवर हसायचंच होतं.

विंगेत बुवा पायपेटीवर होते. प्रवेश संपून मी आत आले तेव्हा ते डोळे पुसत होते. मी वाकून नमस्कार केला. ते म्हणाले, "मी हे काम वीस वर्षं केलं. आज पहिल्यांदा ऐकलं."

त्यानंतरचा उन्हाळा लग्नसराईचा. उल्हासनगरच्या बाजारात कापड घ्यायला गेले तर दुकानदार वार मोजताना मुखडा शिट्टीवर वाजवत होता. पाऊस लागल्यावर सोनिवलीत भाताच्या आवणीच्या वेळी, रोपं लावताना, बायकांनी त्या चालीवर आपलेच शब्द बांधले. एका टोकाच्या बायका विचारायच्या, दुसऱ्या टोकाच्या उत्तर द्यायच्या. बुवांकडे शिकायला येणाऱ्या मुली रागाचं नाव न घेता 'ते दोघांचं शिकवा' म्हणू लागल्या. बुवा आधी खमाज घोटून घेत आणि मगच ते शिकवत. पुढच्या वर्षी चिटणीस स्वतः आले आणि ज्यात दोन तरी द्वंद्वगीतं असतील असं नाटक बघा, म्हणून सांगून गेले.

एका सकाळी अंबरनाथचा बँडवाला दारात उभा राहिला. लग्नात वरमाला घालताना ते गाणं वाजवा, अशी सगळ्यांची मागणी असते. मुखडा बसलाय, अंतरा अडतोय, बाईंनी जरा सांगावं. मी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर येईपर्यंत वडिलांनी त्याला ओसरीवर बसवलं होतं. क्लॅरिनेट त्याच्या तोंडाशी होतं आणि वडील मांडीवर दादरा धरून त्याला सांगत होते, "तिथं थांब. घाई करू नकोस. तो विचारतोय. आता तिची ओळ." आणि माझी ओळ त्यांनी स्वतःच म्हणून दाखवली, खुल्या आवाजात, रस्त्यावरून जाणारे ऐकत असताना.