निजलेलं रान

शिदूआबांचा वनहक्काचा दावा ज्या दोन फोटोंनी बुडवला, ते मीच जुळवले होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी इतरांवर तोंडसुख घेतलं तर कुणी आडवं यायला नको.

वडगावच्या एका कचेरीत मी कंत्राटी कामाला. तुंगार्लीच्या मागच्या डोंगरावर आबांची ठाकरवाडी. बापापासून कसलेला दीड एकराचा उतार नावावर व्हावा, एवढंच त्यांचं मागणं. अट अशी, की डिसेंबर २००५ च्या आधीपासून ती जमीन कसत असल्याचं दिसलं पाहिजे.

मी उपग्रहाचे दोन फोटो घेतले, एक २००५ चा आणि एक २०२२ चा. दोन्ही नोव्हेंबरातले, कारण महिना बदलला तर नुसती पानगळही तोड वाटते. या फोटोंत झाडोरा लाल दिसतो, उघडी जमीन निळसर करडी. जुन्यात आबांचा उतार लाल होता, नव्यात वरचा एक तुकडा सोडून करडा. जंगल मागाहून तोडलं, असं साहेबांनी लिहिलं आणि दावा फेटाळला.

आबा कचेरीत आले. पडद्यावरच्या जुन्या फोटोतल्या लाल डागावर त्यांनी बोट ठेवलं.

"ताई, ही तर माजी पड," ते म्हणाले. "तीन सालं नाचणी, वरई, खुरासणी घेतली, मग रान निजाया सोडलं. झुडपं वाढली. पुन्ना भाजून पेरलं. आता वरचा तुकडा निजलाय, त्यो बी लालच दिसतोय बगा."

मी २००५ चा फोटो मोठा केला आणि मला माझीच लाज वाटली. कडेच्या जुन्या जंगलात लाल रंग खरबरीत होता, झाडांच्या सावल्या दिसत होत्या. आबांच्या तुकड्यात तो फिका आणि सपाट. ती झुडपंच होती. १९९९ चा एक धूसर फोटो मिळाला, त्यात तोच तुकडा करडा होता. मी तीन पानी टिपण दिलं. साहेब म्हणाले, अहवालाच्या छापील नमुन्यात दोनच फोटोंची जागा आहे. म्हाताऱ्यांचे जबाब, ग्रामसभेचा ठराव, सगळं फायलीत होतं. नुसत्या फोटोवर दावा फेटाळू नये, असं नियम सांगतो. नियम सांगतच असतो.

शेजारच्या बायाबाईंनी रान कधी निजू दिलं नाही. त्यांची माती पावसात वाहून गेली, कातळ वर आला. तो तुकडा दोन्ही फोटोंत करडा, म्हणून त्यांना पट्टा मिळाला. कातळाचा.

आबांनी अपील केलं. परवा त्यासाठी ताजा फोटो लावून पाहिला. वरचा तुकडाही करडा झाला होता. कडेच्या ऐन-हिरड्यांच्या सावल्यासुद्धा गेल्या होत्या. मी रागानंच फोन केला.

"निजलेलं रान तुमच्या फोटूला कळत न्हाई, ताई," आबा म्हणाले. "म्हून लाल दिसंल ते समदं काढलं. आता निजूच देत न्हाई."

साहेबांनी शेरा मारला, जंगलतोड सुरू आहे. या वेळी तो खरा होता. खाली जुळवणी करणारी म्हणून माझी सही आहे.