गोदूबाईचा तेविसावा चेहरा

गोदूबाईचा एकही फोटो नव्हता. उरणच्या मिठागरात जन्म घालवलेल्या बाईचा फोटो काढायला कोण बसलं होतं! ती गेली तेव्हा मुलगी चंद्रावती नऊ वर्षांची होती आणि मुलगा महादेव दीड वर्षाचा. तिचा चेहरा आता एकाच ठिकाणी उरला होता, त्र्याहत्तर वर्षांच्या चंद्रावतीच्या डोक्यात.

तिचा नातू निकेश याची हळद चार दिवसांवर आली आणि महादेवाने हट्टच धरला, "मांडवान आयेचा फोटो पायजे." मग भर दुपारी पनवेलच्या फ्लॅटमध्ये नात मनस्वी महादेवाचा मोबाइल घेऊन बसली. आजीने सांगायचं, तिने लिहायचं, ॲपने चित्र काढायचं.

पहिली गोदूबाई आली ती गोरीपान, नाकात मोत्यांची नथ. "कॅलेंडरवरची बाई हाय ही," चंद्रावती करवादली. रंग सावळा करायला सांगितला, तर नाकही बदललं.

"नाकाला कुनी हात लावला?"

"आजी, हे दर वेळी चेहरा नव्याने काढतं. आपण जे सांगत नाही, ते दुसऱ्या हजारो बायकांच्या फोटोंवरून अंदाजाने भरतं."

"म्हंजे माज्या आयेमंदी लोकांच्या आया भरल्यान?"

मनस्वीने विचारलं, "हनुवटीवर गोंदण होतं?" चंद्रावती हो म्हणाली. चित्रात गोंदण आलं आणि ती नाही म्हणाली. खरं काय, ते तिलाच कळेना. डोळे बारीक सांगितले, तर बाई हसू लागली. पुन्हा सांगितलं, तर पेंगुळली.

तेविसाव्या चित्राला शेजारी बसलेल्या महादेवाचा बांध फुटला. "आये!" म्हणत त्याने मोबाइल कपाळाला लावला.

चंद्रावतीने आपली आई आठवायला डोळे मिटले. समोर आली ती तेविसावी, तेच नाक, तेच गोंदण. चौसष्ट वर्षं जपलेला चेहरा एका दुपारीत हातचा गेला होता.

"बंद कर ते! मादेवा, ही आय नाय."

"मंग मना दुसरी कुठली हाय, बाय?" म्हातारा भाऊ रडत ओरडला. "तुजेकडं निदान व्हती. मना कोन दावनार?"

चंद्रावतीने त्याचा हात धरला आणि त्याला बाल्कनीत नेलं. रणरणतं ऊन होतं. आई दिवसभर पांढऱ्या मिठाच्या लखलखाटात उभी असायची आणि घरी आली तरी तशीच डोळे बारीक करून बघायची, हे चंद्रावतीला पक्कं ठाऊक होतं. ते कुठल्याही ॲपने पुसलं नव्हतं. तिने तोंड उन्हाकडे केलं, एक डोळा जवळजवळ मिटला, दुसऱ्याच्या कडेला सुरकुत्या गोळा केल्या आणि भावाकडे पाहिलं.

"आय अशी बगायची. तुना मांडीवर घेऊन बी अशीच."

महादेवाने मोबाइल खिशात ठेवला. बराच वेळ तो बहिणीच्या तोंडाकडे बघत राहिला.

"पुना कर," तो म्हणाला.