लँडलाइन बंद करणेबाबत

आमच्या घरात अर्ज म्हणजे बाबांचं खातं. बाजार समितीच्या ऑफिसात जन्म घालवलेला माणूस. नळाची तक्रार असो की शाळेचा दाखला, 'उपरोक्त विषयास अनुसरून' लिहिल्याशिवाय त्यांच्या पेनातून शाई उतरायची नाही. त्यामुळे लँडलाइन बंद करायचा अर्ज त्यांनी मला लिहायला सांगितला, तेव्हाच मला कळलं की हे काही खरं नाही.

कोपरखैरण्याची आमची बिल्डिंग धोकादायक ठरली होती. महिन्याअखेर खोल्या रिकाम्या करायच्या, मग ती पाडणार. आम्ही उलव्याला भाड्याने जाणार होतो, आणि तिथे आमच्या फोनवाल्या कंपनीची लाइनच नव्हती.

आता कुणी म्हणेल, या काळात लँडलाइन कुणाला हवीय? आमच्या आईला. दादासाठी. बाबांशी कडाक्याचं भांडण करून दादा घर सोडून गेला, त्याला वर्षं झाली. मोबाइल त्याने तेव्हाच बंद करून टाकला. त्याला पाठ असलेला एकच नंबर, हा. गेल्या गणपतीत एकदा भरदुपारी फोन वाजला. पलीकडून कुणी बोलेना. आईने विचारलं, "जेवलास का रे?" फोन ठेवला गेला. आमच्या त्या जुन्या डबड्यावर नंबरही दिसायचा नाही. तेव्हापासून आई फोनच्या टेबलापाशीच भाजी निवडते.

मी आधी कंपनीच्या वाशीच्या दुकानात जाऊन विचारून आले. काउंटरवरची मुलगी बिचारी चांगली होती. म्हणाली, "मॅडम, मोबाइलचा नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येतो. लँडलाइनचा नाही."

"मग फोन आला की माझ्या मोबाइलवर वळवा ना."

"कनेक्शन चालू असलं तरच वळवता येतं. आणि बिल्डिंगच नसली तर कनेक्शन कुठल्या पत्त्यावर ठेवू?"

"तात्पुरता बंद ठेवला तर?"

"काही महिने नंबर तुमच्या नावावर राहील. पण वाजणार नाही. मग कायमचा बंद."

न वाजणारा नंबर घेऊन काय त्याची पूजा करू? चिडचिड करत घरी आले. आईला सांगितलं. तिच्यासमोर गॅसवरचं दूध उतू गेलं.

शेवटी अर्ज लिहिला. 'विषय : लँडलाइन व इंटरनेट जोडणी कायमस्वरूपी बंद करणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, माझ्या नावे असलेली सदर जोडणी या महिनाअखेरीपासून बंद करण्यात यावी. आजतागायतची सर्व देयके भरलेली असून मोडेम व फोनसंच सोबत परत करीत आहे. अनामत रक्कम माझ्या बँक खात्यात जमा करावी व या अर्जाची पोच मिळावी, ही विनंती.' वर ग्राहक क्रमांक, खाली 'आपला विश्वासू'. आई म्हणाली, "त्यात लिही ना, आमचा मुलगा फोन करणार आहे म्हणून."

"अगं आई, हा अर्ज आहे. असं नाही लिहीत अर्जात."

जोडणी बाबांच्या नावावर, म्हणून सही त्यांचीच लागणार होती. ते दुकानात माझ्यासोबत आले. दादाचं नाव त्यांनी तो गेल्यापासून तोंडातून काढलेलं नव्हतं. अर्ज वाचला. माझी एक वेलांटी सुधारली. मग सहीच्या वर, उरलेल्या जागेत, आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'सदर क्रमांकावर आमची चौकशी करणाऱ्या व्यक्तीस आमचा उलवे येथील पत्ता व मोबाइल क्रमांक कळविण्यास माझी हरकत नाही.'

हरकत नाही! इतक्या वर्षांनी, आणि तेही कुणाला, तर फोन कंपनीला. मला रडावं की ओरडावं कळेना.

काउंटरवरच्या मुलीने ती ओळ वाचली. "काका, अशी सोय नाही हो आमच्याकडे. बंद नंबरवर फक्त रेकॉर्डिंग लागतं."

"असू दे. अर्जात राहू दे," बाबा म्हणाले.

तिने आधारची झेरॉक्स लावली, मोडेम आणि फोन जमा करून घेतले, आणि आमच्या प्रतीवर पोचेचा शिक्का मारला. बाबांनी पोच घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. सगळं अगदी रीतसर झालं.

उलव्यात सामान लावून झाल्यावर एका संध्याकाळी आईने माझा मोबाइल मागितला आणि तोच नंबर लावला. स्पीकर चालू होता. आधी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत एक बाई सांगत राहिली, हा क्रमांक अस्तित्वात नाही.

आईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. बाबा पलीकडे भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"त्याला वाटेल, आपणच बदलला," ती म्हणाली, आणि मोबाइल माझ्या हातात दिला.