जरिनाखालाचं अरबी

माधवनगरच्या गल्लीत जरिनाखालाएवढं अरबी कुणाला येत न्हाई, असं समदी म्हणायची. खाला पोरींना कुराण वाचायला शिकवायची. जेर-जबरच्या, म्हणजे काना-वेलांटीसारख्या, खुणा घातलेली अक्षरं ती अशी घडाघडा वाचायची की ऐकणारानं डोळे मिटावेत. आता वाचणं वेगळं आणि समजणं वेगळं, पण हे गल्लीला कोण सांगणार? खालानं कधी सांगितलं न्हाई. मान मिळत असला की माणूस गप्पच बसतं बघा.

त्या दिवशी सकाळी शेजारची शकिला दारात आली. कडेवर दीड वर्षाचा हुसेन, खोकून खोकून लाल झालेला. हातात बाटली आणि घडीचा कागद. नवरा सिकंदर कुवेतला मजुरीला, त्यानं गावच्या माणसाबरोबर खोकल्याचं औषध धाडलं होतं. कागदावर समदं अरबी, औषधात काय काय घातलंय तेवढीच एक ओळ इंग्रजी. शकिलानं कागद आधी डोळ्याला लावला. अरबी म्हणजे अल्लाची अक्षरं, तिच्या लेखी औषधाचा कागदसुद्धा पवित्रच.

"खाला, किती द्यायचं तेवढं सांगा की."

खालानं कागद उलगडला. जेर न्हाई, जबर न्हाई, नुसती उघडी अक्षरं!  तरी आवाज लावून वाचलं. कुराणातले ओळखीचे शब्द मधूनच भेटले. सलास मर्रात, म्हणजे तीनदा. बाद आणि अकल, म्हणजे खाल्ल्यावर. बारिद, थंड. बईद म्हणजे लांब, आणि पुढं अतफाल, म्हणजे लेकरं.

"एक एक चमचा, दिवसातनं तीनदा, खाल्ल्यावर," ती म्हणाली. "थंड जागी ठेव. आणि लेकरांच्या हाताला लागू देऊ नगं."

चमच्याचा शब्द तिला येतच नव्हता. तो तिनं पदरचा घातला. शकिला दुवा देत घरी गेली, आणि तिनं बाटली वरच्या कोनाड्यात, कुराणाशेजारी ठेवून दिली.

दुपारी पोरी सबक, म्हणजे दिलेला धडा, म्हणत होत्या. एका पोरीनं कुराणातली एक आयत म्हटली, तीत 'नुआस' आला. खालाच्या कुराणात ओळीखाली उर्दूत अर्थ होता: ऊंघ, म्हणजे गुंगी. आणि खालाचं बोट त्या शब्दावरच थांबलं. हा शब्द तिनं आजच कुठंतरी वाचला होता. कागदावर! जाड अक्षरांच्या खाली. आणि त्याच्याच वर एक 'ला' होता, आणि 'ला'च्या पुढं पुन्हा अतफाल. कागदात लेकरं दोनदा आली होती आणि तिनं दोन्हीकडं एकच अर्थ धरला होता. बाटली लांब ठेवा, एवढाच. पण 'ला' म्हणजे नको. लेकरांना नको!

खाला अनवाणीच धावली. पोरी बघतच राहिल्या.

"शकिला! दिलंस का गं?"

"दोनदा दिलं, खाला. बघा की, कसा गाढ झोपलाय. चार दिवसांनी झोपला बिचारा."

खालानं लेकराला हलवलं. मान लुळी पडली. ओठ निळसर. श्वास येत होता, पण एक आला की दुसऱ्याची वाट बघत बसावं लागत होतं. खालानं त्याला उचलून छातीशी धरलं. या अल्ला, माझ्या तोंडानं मारलं म्यां ह्याला.

बाटली घेतली, कागद घेतला, टांगा केला. सांगलीपर्यंत खाला शकिलाच्या मांडीवरच्या हुसेनचे तळपाय चोळत राहिली आणि दर श्वास मोजत राहिली.

दवाखान्यात डॉक्टरांनी ती इंग्रजी ओळ वाचली अन् ओरडलेच. "कोडीन! अफूच्या जातीतलं औषध! एवढ्याशा पोराला?" सुई टोचली, नाकाशी नळी धरली. मग कागद पुढं केला. "हे कुणी वाचून सांगितलं?"

"खालानं," शकिला म्हणाली. "त्यांना समदं अरबी येतंय."

"न्हाई येत," खाला म्हणाली.  "वाचता येतंय. कळत न्हाई. मोठ्या माणसाचा हिशेब म्यां लेकराला सांगितला. ह्यात लिवलंय, लेकरांना देऊ नका, गुंगी येते. मला ते दुपारी कळलं."

 शकिलानं भिंतीला पाठ लावली आणि पोराच्या छातीकडं बघत उभी राहिली.

दिवेलागणीला हुसेन रडला. बारीक, चिडका आवाज, पण रडला! खालाच्या डोळ्यांतनं धारा लागल्या. डॉक्टरांनी पोर आईच्या हातात दिलं. खालानं, सवयीनंच, त्याच्या डोक्यावर हात ठेवून, आयत पुटपुटून फुंकर घालायला ओठ हलवले.

शकिलानं पोराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.