काकींच्या मिरच्या

शेजारी कुणीतरी मिरच्या भाजतंय. ठसका लागला आणि मी तीस वर्षांमागच्या पलूसच्या स्वयंपाकघरात पोचले. लग्नानंतरचा तो चौथा उन्हाळा.

माझ्या चुलतसासूबाई, कडेगावच्या काकी, त्याही वर्षी पाच किलो मिरच्या घेऊन आल्या होत्या. त्यांचा वर्षाचा कांदा-लसूण मसाला दरवर्षी मीच करायचा. एकदा म्हटलं, खोबरं नाही. त्यांनी खोबरं धाडलं. मग म्हटलं, हात पोळलेत. त्या म्हणाल्या, बरे झाल्यावर कर. सबब दिली की माणूस तिच्यावर उपाय शोधून परत येतो, हे मला तेव्हा कळलं.

या वेळी चहा हातात दिला आणि सरळ बोलले, "काकी, औंदा मी करनार न्हाई. तुमी करा, कडंला बसून मी सांगते."

"लय शानी झालीस व्हय गं?"

"झाले की."

काकी तडक उठल्या. मी करंडा घेऊन दारात आडवी उभी राहिले. हळदीकुंकवाशिवाय कशी जाऊ देईन? त्यांनी रोखून बघितलं, मग कपाळ पुढं केलं. जाताना मिरच्यांची पिशवीही उचलली.

महिन्याभरानं स्वतः केलेला मसाला मला चाखायला घेऊन आल्या.

"मीठ जास्त झालंय," मी म्हटलं.

"तुझ्यातबी असतंय," काकी म्हणाल्या. "तीन वर्सं बोलले न्हाई."