इंचबाईची जुनी टेप

शिंप्याच्या दुकानात तिला सगळे इंचबाई म्हणत. बाई दारातून आत आली की हिनं तिच्याकडे एकदा पाहायचं आणि म्हणायचं, "कंबर चौतीस, खांदा चौदा." मग टेप लावायची, आणि निघायचं चौतीस आणि चौदाच. गिऱ्हाइकं थक्क व्हायची. मास्टर मात्र चष्म्यावरून बघत म्हणायचे, "देवानं हिच्या डोळ्यांतच टेप बसवलीय. पण स्वतःकडे बघायला सांगितलं की हिचा चष्मा हरवतो."

मास्टरांचा टोमणा खरा होता. स्वतःचं माप तिनं कित्येक वर्षांत घेतलं नव्हतं. वय एकतीस, लग्नाला सहा वर्षं झालेली, आणि दोन वर्षांपासून घरात मूल हवं होतं. पाळी मात्र कधी दोन महिन्यांनी, कधी चार महिन्यांनी, आणि एकदा तर अख्खं अर्धं वर्ष बेपत्ता. हनुवटीवर केस यायला लागले तेव्हा ती आरशाकडे पाठ करून कापड कापायची. लोकांना जे डोळ्यांनी दिसतं ते आपल्या शिंपिणीच्या डोळ्यांना दिसू नये, असा तिचा हट्टच होता.

शेवटी नवऱ्यानं तिला दवाखान्यात नेलं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. बोलायचा कमी, पण धरलं की सोडायचा नाही. डॉक्टरीणबाईंनी आधी गरोदरपणाची तपासणी केली, मग थायरॉइड, साखर आणि सोनोग्राफी. सगळं बघून म्हणाल्या, "पीसीओएस आहे. तुमच्या अंडाशयात बीजं तयार होतात, पण पिकून बाहेर पडत नाहीत. म्हणून पाळी रखडते. शरीरात इन्सुलिन जास्त फिरतंय, तेही या गोंधळात भर घालतंय."

"मग गोळी द्या," इंचबाई म्हणाली. तिला कापड फाटलं की टाका घालायची सवय.

"गोळ्या देते, पण आधी ऐका. इतके महिने पाळी न आल्यानं गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं, ते बरं नाही. म्हणून ही दहा दिवसांची गोळी. ही संपली की रक्तस्राव होईल. पण ती पाळी मी आणलेली असेल, तुमची नव्हे. तुमची पाळी यायची तर बीज आपणहून बाहेर पडायला हवं."

"आणि ते कधी पडेल?"

डॉक्टरीणबाईंनी वजनकाट्याकडे बोट दाखवलं. अठ्ठ्याऐंशी किलो. "यातलं पाच ते दहा टक्के उतरलं, म्हणजे साडेचार ते नऊ किलो, तर बऱ्याच जणींची पाळी सुधारते. सगळ्यांचीच असं नाही, ते आधीच सांगते. बारीक व्हायची गरज नाही. मेटफॉर्मिन देते, ती इन्सुलिनला मदत करते, पण वजन ती फारसं उतरवत नाही, त्या भ्रमात राहू नका. आणि फरक दिसायला तीन महिने लागतात, कधी सहा. बीज पिकवायच्या गोळ्याही असतात, त्या मूल राहण्यासाठी जास्त कामी येतात. आज सुरू करू शकतो किंवा सहा महिने हे करून बघू. तुम्ही ठरवा."

इंचबाईनं सहा महिने मागितले. का मागितले हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. तिला एकदा तरी आपल्या शरीरानं आपणहून काहीतरी दिलेलं बघायचं होतं, एवढंच. दवाखान्यातून घरी आल्यावर तिनं खिडकी लावली, गळ्यातली टेप कमरेला गुंडाळली आणि आकडा वाचला. चाळीस. तो आकडा तिनं मापाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिला आणि ठरवलं, आता तीन महिने टेप लावायची नाही. कापड धुवायच्या आधी एकदा मोजतात आणि वाळल्यावर एकदा, मधे मोजत बसलं की वेड लागतं, हे तिला मास्टरांनीच शिकवलं होतं.

सुरुवातीला मेटफॉर्मिननं तिचे हाल केले. रात्रीच्या जेवणाबरोबर एक गोळी, दुसऱ्या आठवड्यात दोन, असं हळूहळू वाढवायचं होतं, तरी पोटानं बंड केलं. एका नवरीचा झगा अंगावर चढवत असताना तिला तोंडात टाचण्या धरूनच पळावं लागलं. नवरी आरशासमोर एका बाहीत उभी. तीन आठवड्यांनी मात्र पोट ताळ्यावर आलं.

खाणं बदलणं त्याहून कठीण गेलं. आजवर सकाळी काही नाही, दिवसभर साखरेचा चहा आणि बिस्किटं, आणि रात्री घरी आल्यावर ताटभर भात, असा तिचा कारभार होता. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी काहीही बंद केलं नाही, फक्त ताटाची वाटणी बदलली. सकाळी दोन अंडी, दुपारी डबा वेळेवर, अर्ध्या डब्यात भाजी, उरलेल्यात डाळ आणि थोडा भात, आणि चहात साखर नाही. "हा चहा आहे की इस्त्रीचं पाणी?" इंचबाई पहिल्या दिवशी ओरडली होती. जेवणानंतर नवरा तिला अर्धा तास चालायला न्यायचा आणि शेवटी जिन्यानं पाच मजले वर.

"लिफ्टवाल्याची बायको जिने चढतेय," ती धापा टाकत म्हणायची.

"लिफ्ट आज बंद आहे," तो म्हणायचा. लिफ्ट कधीच बंद नसायची.

असे अकरा आठवडे गेले. त्याच सुमारास एका गिऱ्हाईक बाईनं इंचबाईच्या टेपकडे बघून नाक मुरडलं. टेप जुनी कापडी होती, मास्टरांनी अकरा वर्षांपूर्वी दिलेली, अंक पुसट झालेले. ती दुसऱ्या कुणाच्या हाती तिनं कधी दिली नाही. माप तीच घ्यायची, आखणीही त्याच टेपनं करायची. मास्टरांनी तिला न ताणणारी, फायबरची नवी टेप आणून दिली. जुनी भिंतीवरच्या खिळ्याला टांगली गेली.

तीन महिने भरले त्या सकाळी इंचबाई न्हाणीघरात शिरली, कमरेला नवी टेप लावली आणि श्वास सोडला. चाळीस.

तिनं पुन्हा लावली. पुन्हा चाळीस. रेघभर इकडे नाही की तिकडे नाही.

अंडी, डबे, फिका चहा, जिने, तो तीन आठवड्यांचा पोटशूळ, सगळं पाण्यात. ती न्हाणीघराच्या फरशीवर बसली आणि आवाज न करता रडली. गोळ्यांचं पाकीट तिनं कपाटात मागे सारलं. दवाखान्याची तारीख होती तिकडे गेली नाही. नवऱ्यानं विचारलं तर म्हणाली, "माझं शरीर दगड आहे. दगड चालून बारीक होत नाही." संध्याकाळी तो बूट घालून दाराशी उभा राहिला. ती आली नाही, तेव्हा एकटाच जिने चढून आला.

दोन आठवडे असेच गेले. इकडे दुकानात भलतंच काहीतरी सुरू झालं होतं. एक जुनी गिऱ्हाईक आली, वहीत तिची कंबर बत्तीस होती, टेप तेहेतीस सांगू लागली. "थोडं वाढलंय," इंचबाई म्हणाली. बाई म्हणाली, "असेल." दुसरीची छाती छत्तीस, झाली सदतीस. तिसरी मात्र खवळली. ही एका शाळेत पोहणं शिकवायची. "मी दर सोमवारी काट्यावर उभी राहते. शंभर ग्रॅमचा फरक नाही. तुमची टेप तपासा आधी!"

मास्टरांनी मशीन थांबवलं. "आठवड्यात तिसरी. सगळ्या गावाला एकदम सूज आली काय?"

ते उठले, खिळ्यावरची जुनी टेप काढली आणि कापायच्या लांब टेबलावर पसरली. शेजारी नवी. सुरुवातीची टोकं जुळवली, तळहातानं दोन्ही सारख्या केल्या. नवी टेप संपली. जुनी तिच्यापुढे बोटभर नव्हे, चांगली दोन बोटं पुढे गेली होती. जुनीचं साठ जिथं होतं, तिथं नवीनं बासष्ट दाखवले असते.

"ताणली गेलीय," मास्टर हळूच म्हणाले. "अकरा वर्षं ओढतेयस तू तिला. माप तिनंच, आखणी तिनंच, म्हणून कपडे बसत राहिले. दोन्हीकडे सारखंच खोटं." मग ते हसायला लागले. "बायका जाड झाल्या नाहीत ग. टेप त्यांना बारीक सांगत होती."

इंचबाई हसली नाही. तिनं मापाची वही ओढली आणि शेवटचं पान उघडलं. चाळीस. हे जुन्या टेपचं चाळीस होतं. तिनं जुन्या टेपच्या चाळिसावर बोट ठेवलं आणि नव्या टेपवर तेवढंच किती येतं ते बघितलं. एकेचाळीस, आणि वर तिसरा हिस्सा.

तिनं पुन्हा जुळवून बघितलं, तेच आलं.

तिची कंबर सव्वा इंचाहून जास्त उतरली होती. ती न्हाणीघरात रडत होती तेव्हाही. दगड म्हणत होती तेव्हाही. तिच्या शरीरानं आपलं काम गुपचूप केलं होतं, आणि तिनं त्याच्यावर एका चुकीच्या टेपच्या साक्षीनं आरोप ठेवला होता. तिला माफीसाठी हात जोडावेसे वाटले. पण हात जोडायचे कुणाला, हे कळेना.

त्याच दुपारी ती दवाखान्यात गेली. काटा त्र्याऐंशी किलो सहाशे ग्रॅमवर थांबला. "पाच टक्के," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मग गोळ्या सोडल्याचं ऐकून चांगल्याच रागावल्या. "पुन्हा एका गोळीपासून सुरू करा, हळूहळू वाढवा. पोट पुन्हा कुरकुरेल. आणि यापुढे टेपच्या भरवशावर औषध सोडायचं नाही. पाळी आली नाही म्हणून हातपाय गाळायचे नाहीत. अजून वेळ आहे. आणि बीज पाळीच्या आधी सुटतं, म्हणजे पाळी न येताच दिवस राहू शकतात, तेव्हा उशीर झाला तर आधी गरोदरपणाची चाचणी करा."

संध्याकाळी तिनं बूट घातले. नवरा बूट घालून आधीच दाराशी उभा होता.

पाचव्या महिन्यात, एका गुरुवारी, ती एका कोटाची बाही कापत होती. मधेच पोटात ओळखीची ओढ आली. इतक्या जुन्या ओळखीची की क्षणभर तिला नाव आठवेना. कात्री खाली ठेवून ती आत गेली. परत आली ती भिंतीला टेकून उभी राहिली.

मास्टर घाबरले. "काय ग? पुन्हा पोट?"

"नाही मास्टर," ती म्हणाली, आणि तिला रडू आवरेना. "कुणी आणली नाही. आपणहून आली."

मास्टरांना उमगायला वेळ लागला. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. त्यांच्या आयुष्यात पाळीबद्दल त्यांच्याशी कुणी बोललं नव्हतं. "आज बाही मी कापतो," ते म्हणाले. "तू बस."

तिनं नवऱ्याला फोन केला. तो लिफ्टच्या खड्ड्यात होता, आवाज घुमत होता. तिनं सांगितलं. वरून कुणीतरी हाक मारली, तर तो ओरडला, "थांबा, बायकोचा फोन आहे!"

त्यापुढची पाळी यायला बावन्न दिवस लागले, आणि मधे दोनदा केलेली गरोदरपणाची चाचणी नकारार्थी होती. ती त्यावर रुसली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अनियमित आहे, पण तुमची आहे. तिसरी किती दिवसांनी येते बघू, मग बीज पिकवायच्या गोळीचं ठरवू."

तिसरी अडतीस दिवसांनी आली. त्या संध्याकाळी इंचबाईनं जुनी टेप खिळ्यावरून काढली आणि गळ्यात घातली. मास्टरांनी भुवया उंचावल्या.

"हिनं मापं नको घेऊस हो," ते म्हणाले.

"मापं नाही घेत," ती म्हणाली. "ओढून ओढून ताणली, म्हणून हिची माफी मागतेय. दगड म्हटलं, म्हणून माझीही मागून घेतेय."

आणि दुकानातला दिवा मालवून ती घरी निघाली. नवरा घराच्या इमारतीत खाली लिफ्टच्या दाराशी उभा होता, दार उघडं धरून. तिनं त्याच्याकडे बघितलं, नाही म्हणून मान हलवली आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.