सव्वातीन तासांचा मंगळवार

माणसाच्या हाती सोपवलेली सर्वांत पवित्र ठेव म्हणजे वेळ. आमच्या ऑफिसात ही ठेव पाव-पाव तासाने विकली जायची, आणि सुरू झालेला पाव तास पूर्ण धरायचा असं करारातच लिहिलेलं होतं.

ऑफिस म्हणजे सोलापुरात होटगी रस्त्यावरच्या दोन खोल्या. सर कारखान्यांना बॉयलरचं इंधन वाचवायचा सल्ला देत. एक टॉवेलचा कारखाना, श्रीपूरकडचा एक साखर कारखाना, सांगोल्यातलं डाळिंबाचं एक शीतगृह, असे आमचे क्लायंट. रोज संध्याकाळी सर दिवस सांगत आणि मी तक्त्यात भरत असे: क्लायंट, काम, तास, बिलात धरायचे की नाही. शनिवारी तो तक्ता सरांच्या कॅलेंडरशी आणि गाडीच्या लॉगबुकाशी ताडून बघायचा. जुळलं की सरांची सही.

टॉवेल कारखान्याचा मंगळवार नेहमी जुळायचा. सव्वातीन तास. तिन्ही कागद दर आठवड्याला एकच गोष्ट सांगत होते. संशय मला तेव्हाच यायला हवा होता.

महिन्याचं बिल गेलं आणि मालकांचा फोन आला.

"बाई, आमच्या गेटच्या रजिस्टरला तुमचे सर पावणेअकराला आत, बाराला बाहेर. सव्वा तास. तुम्ही सव्वातीन लिहिता. चारी मंगळवार. करार पुढं चालवायचा की नाही, ते सोमवारी ठरवतो."

मी सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. ते असं करतात तेव्हा दोष दुसऱ्याचा असतो.

"तुम्ही नीट भरलं होतं ना?"

"तुम्ही सांगितलं तसंच भरलं, सर."

"मग बघा कुठे चुकलंय ते."

म्हणजे सोमवारपर्यंत चूक सापडली नाही, तर ती माझी. शनिवारी सरांना श्रीपूरला सोडून आलेल्या ड्रायव्हरला मी सहज विचारलं, मंगळवारी बारानंतर कुठे जाता? तो म्हणाला, "कुटं न्हाय. कारखान्यात गाडीतच झोपतो." खोटं बोलणारा माणूस इतकं कमी बोलत नाही. मग उरले सर. दोन तास हा माणूस कुठे जातो, या विचारात मी रिक्षाने टॉवेल कारखान्यावर पोचले, आणि खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला होता.

वॉचमनने रजिस्टर पुढे केलं. सर, बाराला बाहेर. सुताचा एजंट, बाराला. लूम दुरुस्त करणारा, बाराला. पाहुणे दोघे, बाराला. सोलापुरात पाच माणसं एकाच मिनिटाला एका फाटकातून बाहेर पडत नाहीत. पडलीच तर भांडत पडतात.

"हे सगळे बरोबर बाराला गेले?"

"न्हाय हो मॅडम. बाराला मी जेवायला जातो की. उगडी नोंद दिसली तर सुपरवायझर लई बोलतो. म्हणून समद्यास्नी बाहेर काढून जातो."

"आणि खरे कधी जातात?"

"ते त्यांना इचारा. तुमचे सर दोनला जात्यात. मालकांच्या केबिनीतनं."

मी रजिस्टर घेऊन केबिनमध्ये गेले. मालकांनी ते पाहिलं, वॉचमनच्या नावाने काहीतरी घरच्या तेलुगूत म्हणाले, आणि रजिस्टर मिटलं.

"सरांच्या बॉयलरच्या नोंदी साडेबारापर्यंतच्याच आहेत," मी म्हटलं. "नंतरचा दीड तास?"

"माझ्यापाशीच असतात. मीच थांबवतो. व्यापारी मंडळाचा सत्कार आहे माझा. भाषण बसवत होतो."

"तक्त्यात 'बॉयलर आणि चर्चा' असं आहे."

"चर्चा? 'वेळ' या विषयावरचं भाषण आहे, बाई!" त्यांनी चार पानं पुढे सरकवली. पहिलं वाक्य होतं, माणसाच्या हाती सोपवलेली सर्वांत पवित्र ठेव म्हणजे वेळ. हिरव्या शाईतल्या दुरुस्त्या सरांच्या अक्षरातल्या होत्या.

सोमवारी सरांनी बाजू मांडली. "मधेच उठलो असतो तर त्यांना राग आला असता. म्हणजे क्लायंटचंच काम की."

"बॉयलरचं नाही."

बराच वेळ चष्मा पुसून झाल्यावर त्यांनी बिलाच्या दुरुस्तीवर सही केली. चार मंगळवारांचे सहा तास मी बिलातून काढले आणि 'चर्चा' लिहिताना विषयही लिहायचा, असा नवा रकाना केला. मालकांनी करार चालू ठेवला. वॉचमन अजून बारालाच सगळ्यांना बाहेर काढतो.

सत्काराला आम्हाला बोलावणं होतं. हार, शाल, नारळ आणि अध्यक्षांचं दीर्घ स्वागत यांत वेळ संपत आली, तेव्हा मालकांना आटोपतं घ्यायला सांगण्यात आलं. त्यांनी पहिलं पान आणि शेवटचं पान वाचलं.

चार मिनिटं. त्या शनिवारी मी पाव तास लिहिला, विषय भाषण, बिलात धरायचा नाही.